क्लबात खेळणाऱ्यांसाठी रॅकेट, गटिंग आणि शटल: गुजरीतल्या काट्यावर शिकलेला हिशोब

तीन वर्षांपूर्वी मी पुन्हा बॅडमिंटन खेळायला लागलो तेव्हा वय एक्केचाळीस होतं आणि कॉलेजनंतर हातात रॅकेट धरून अठरा वर्षं झाली होती. दुकानातल्या पोरानं विचारलं, "साहेब, स्मॅश मारता का?" कोल्हापूरचा माणूस नाही कशाला म्हणेल! त्यानं जड डोक्याची एक रॅकेट काढली, मला न विचारता २८ पौंडांवर गटिंग केलं आणि "सगळे एवढंच घेतात" म्हणून हातात ठेवली. दोन महिन्यांत कोपराच्या बाहेरच्या बाजूला असं दुखायला लागलं की चहाचा कप उचलता येईना. डॉक्टरांनी सहा आठवडे खेळ बंद केला.

त्या सहा आठवड्यांत करायला काही नव्हतं, म्हणून रॅकेट मोजायला घेतली. मी शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे, मोजल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. शाळेतल्या मित्राचं गुजरीत दागिन्यांचं दुकान आहे, त्याच्या काट्यावर रॅकेट ठेवली. गिऱ्हाइकं बघत होती, तो म्हणाला, "घडणावळ धरू काय?" पण त्या दिवशी जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर कोपर वाचलं असतं.

हा लेख आठवड्याला तीन-चार संध्याकाळी डबल्स खेळणाऱ्यांसाठी आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या पोरांना त्यांचे कोच सांगतीलच.

आधी हे जवळ ठेवा

- एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा (सराफाचा मिळाला तर उत्तम)
- मिलिमीटरची पट्टी किंवा टेप
- एक पेन्सिल, रॅकेट तोलायला
- आत्ता वापरात असलेली जुनी रॅकेट, जशी आहे तशी, स्ट्रिंग आणि ग्रिपसकट
- छोटी वही
- नवीन घ्याल तेव्हाचं पक्कं बिल. कच्च्या चिठ्ठीवर फ्रेम बदलून मिळत नाही

१. दुकानात जाण्याआधी जुनी रॅकेट मोजा

नवीन रॅकेट "चांगली" की "वाईट" हे बघू नका. ती तुमच्या जुन्या रॅकेटपेक्षा जड की हलकी, आणि कुठे, हे बघा. त्यासाठी जुनीचे आकडे हाताशी हवेत.

आधी वजन करा. मग टेबलाच्या कडेला पेन्सिल आडवी धरून तिच्यावर रॅकेटचा दांडा ठेवा आणि पुढेमागे सरकवत रॅकेट दोन्हीकडे समतोल राहते ती जागा शोधा. मुठीच्या अगदी खालच्या टोकापासून त्या जागेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. हाच बॅलन्स पॉइंट. दोन्ही आकडे वहीत लिहा.

आता स्ट्रिंगकडे बघा. वापरलेल्या जाळीवर शटलचा बुचाचा भाग लागून लागून एक मळका, खरबरीत पट्टा तयार होतो. तो जाळीच्या मध्याला किंवा मध्यापासून किंचित वर असेल तर तुमचा फटका बऱ्यापैकी बरोबर लागतोय. डाग सगळीकडे पसरलेला असेल, किंवा तुमची स्ट्रिंग दरवेळी फ्रेमच्या कडेलाच तुटत असेल, तर फटके मध्यावर बसत नाहीत. ही खूण लक्षात ठेवा, पाचव्या पायरीत ताण ठरवताना तिचाच उपयोग आहे. माझ्या रॅकेटवर डाग वरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत पोहोचला होता. आणि मी २८ पौंडांवर खेळत होतो!

२. वजन: "यू" म्हणजे काय आणि त्यात काय धरलेलं नसतं

रॅकेटच्या मुठीच्या वरच्या शंकूवर ३यू, ४यू, ५यू असं छापलेलं असतं. आकडा वाढला की वजन कमी, हे उलटं आहे आणि नवीन माणूस इथेच फसतो. ३यू म्हणजे ८५ ते ८९.९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४.९ आणि ५यू म्हणजे ७५ ते ७९.९. शेजारी जी४, जी५, जी६ असतं ती मुठीची जाडी. योनेक्समध्ये इथेही आकडा मोठा तितकी मूठ बारीक. बारीक मूठ ग्रिप गुंडाळून जाड करता येते, जाड मूठ बारीक करता येत नाही. त्यामुळे शंका असेल तर बारीक घ्या.

हे वजन स्ट्रिंग न लावलेल्या रॅकेटचं असतं. तुमच्या हातात येणाऱ्या रॅकेटवर साधारण ५ ग्रॅमची स्ट्रिंग असते आणि वरून गुंडाळलेली ओव्हरग्रिप आणखी ५ ग्रॅमची. म्हणजे "८३ ग्रॅमची" रॅकेट कोर्टवर ९३ ग्रॅमची होते. टॉवेलची ग्रिप वापरत असाल आणि ती घामानं भिजली असेल तर त्याहून जास्त. जुनीची तुलना नवीनशी करताना दोन्ही सारख्याच अवस्थेत आहेत ना हे बघा, नाहीतर गटिंग केलेली जुनी आणि कोरी नवी हातात घेऊन "किती हलकी आहे हो ही!" असं होतं.

क्लबात डबल्स खेळणाऱ्या बहुतेकांना ४यू बरं पडतं. नेटजवळ हात पटकन वर येतो आणि मागून मारताना शटलला पुरेसं वजनही मिळतं. मनगट किंवा कोपर आधी दुखावलेलं असेल, किंवा नुकतीच सुरुवात असेल, तर ५यू घ्यायला लाजू नका. ३यू एकेरी खेळणाऱ्या, सराव असलेल्या खांद्यासाठी.

३. बॅलन्स: खरी गंमत इथे आहे

साधारण संकेत असा की कोऱ्या रॅकेटचा बॅलन्स पॉइंट २८५ मिलिमीटरच्या खाली असेल तर हेड-लाइट, २८५ ते २९५ मध्ये असेल तर इव्हन आणि त्याच्या वर असेल तर हेड-हेवी. पूर्ण रॅकेटची लांबी साधारण ६७५ मिलिमीटर असते, म्हणजे हे सगळं नाटक दोन-तीन सेंटिमीटरांत चालतं. कंपन्या नेमका आकडा सहसा छापत नाहीत, फक्त शब्द वापरतात. म्हणून पट्टी लागते.

आता माझी जुनी आणि नवी रॅकेट घेऊन हिशोब मांडतो. जुनी ३यू हेड-हेवी: कोरी ८८ ग्रॅम, बॅलन्स ३०० मिलिमीटर. नवी ४यू इव्हन: कोरी ८३ ग्रॅम, बॅलन्स २८८. वजनातला फरक ५ ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या नाण्याहूनही कमी. हाताला एवढं कुठलं कळतंय, असं मलाही वाटलं होतं.

पण हाताला वजन एकटं कळत नाही, ते मुठीपासून किती लांब आहे हेही कळतं. भरलेली बादली अंगाशी धरली तर जमते, तीच हात लांब करून धरा म्हणजे कळेल. म्हणून वजन आणि बॅलन्स यांचा गुणाकार करा. जुनी: ८८ गुणिले ३०० म्हणजे २६,४००. नवी: ८३ गुणिले २८८ म्हणजे २३,९०४. फरक साडेनऊ टक्के! रॅकेट फिरवतानाचं खरं गणित याहून थोडं गुंतागुंतीचं आहे, पण दुकानात दोन रॅकेटी शेजारी ठेवून ठरवायला हा गुणाकार पुरतो. एका संध्याकाळी तुम्ही हात पाचशे वेळा फिरवता, त्या प्रत्येक वेळी हे साडेनऊ टक्के कोपर भरतं.

याच गुणाकारातून एक मोठा सापळा उघडा पडतो. हेड-हेवी रॅकेट जड वाटली की क्लबातले जुने सल्लागार सांगतात, "मुठीला अजून एक ग्रिप गुंडाळ, डोकं हलकं होईल." मीही गुंडाळली. पेन्सिलीवर तोलली तर बॅलन्स खरोखरच सेंटिमीटरभर मुठीकडे सरकला होता. कागदावर रॅकेट "इव्हन" झाली. पण डोक्यातलं वजन कुठे कमी झालं होतं? ५ ग्रॅमची ग्रिप मुठीच्या टोकापासून फार तर ९० मिलिमीटरवर बसते, तिचा गुणाकार ४५०. मूळ २६,४०० मध्ये ४५० *वाढले*, कमी काहीच झालं नाही. आकडा सुधारला आणि रॅकेट उलट कणभर जड झाली.

उलट बाजू बघा. फ्रेमच्या अगदी शेंड्याला १ ग्रॅमची शिशाची पट्टी चिकटवली तर तिचा गुणाकार सुमारे ६६५, म्हणजे ५ ग्रॅमच्या ग्रिपपेक्षा जास्त. हेड-लाइट रॅकेट थोडी जड करणं सोपं आणि स्वस्त आहे, हेड-हेवी हलकी करणं जवळपास अशक्य. शंका असेल तर हलक्या डोक्याची घ्यायची ती यासाठी.

"पण मग स्मॅशचं काय?" हा प्रश्न येणारच. २०२३ मध्ये सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या नावावर ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशचा गिनीज विक्रम लागला. त्याच्या हातात होती ती नॅनोफ्लेअर १००० झेड, आणि ती हेड-लाइट मालिकेतली रॅकेट आहे. जड डोकं मदत करतं, नाही असं नाही, पण ते वेळेवर शटलपर्यंत पोहोचलं तर. डबल्समध्ये समोरून सपाट येणाऱ्या शटलला आमच्यासारख्यांचं जड डोकं उशिरा पोहोचतं, आणि उशीर झाला की माणूस मनगट झटकून भरपाई करतो. माझं कोपर तिथेच गेलं.

४. दुकानात काय करायचं

काटा आणि पट्टी घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू दे. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटींमध्येही दोन-तीन ग्रॅम आणि पाचेक मिलिमीटरचा फरक सापडतो, तेव्हा तीन-चार काढायला सांगा आणि प्रत्येकीचा गुणाकार करून बघा. तुमच्या जुन्या, न दुखणाऱ्या रॅकेटच्या, तशाच अवस्थेत मोजलेल्या आकड्याच्या जवळची निवडा. जुनी दुखत असेल तर आकडा पाच ते दहा टक्क्यांनी खाली आणा. एकदम वीस टक्के खाली गेलात तर शटल मागच्या रेषेपर्यंत न्यायला जास्त जोर लावाल आणि खांदा कुरकुरेल.

दांड्याचा लवचिकपणाही लिहिलेला असतो: स्टिफ, मीडियम, फ्लेक्सिबल. माझं मत, हळू हात असलेल्यानं मीडियम घ्यावा आणि पुढे जावं. स्टिफ दांडा वेगवान हातालाच परतावा देतो.

शंकूवर ताणाची मर्यादाही छापलेली असते, उदाहरणार्थ "२०–२८ पौंड". ती वाचा, फोटो काढून ठेवा. त्या वर गटिंग केलं आणि फ्रेम गेली तर वॉरंटी विसरा. आणि महाग मॉडेल कुणी निम्म्या किमतीत "पार्टीकडून आलंय" म्हणून देत असेल तर नमस्कार करा. नकली रॅकेटवर ४यू छापलेलं असतं, काट्यावर ती ९० भरते. असा एक नमुना आमच्या क्लबात आहे, मालक अजून मानायला तयार नाही.

५. गटिंग: पौंड म्हणजे ताकद नव्हे

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. जाळी जितकी घट्ट तितका फटका जोरात, असं पोरं धरून चालतात. होतं उलट. सैल जाळी शटलला आत घेऊन बाहेर फेकते, म्हणजे थोडी ताकद जाळीच पुरवते. घट्ट जाळी काही पुरवत नाही, ती फक्त दिशा नेमकी देते आणि ताकद सगळी तुमच्याकडून घेते. शिवाय ताण वाढला की जाळीवर फटका नीट बसतो तो मधला भाग लहान होतो. मध्याच्या बाहेर लागलेला फटका "ठक्क" आवाज करून मरतो आणि धक्का थेट कोपराला येतो.

आता पहिल्या पायरीतला डाग आठवा. तो पसरलेला असेल तर २१–२२ पौंड. बऱ्यापैकी मध्यावर असेल तर २३–२४. डाग रुपयाच्या नाण्याएवढा गोळा झालेला असेल आणि मागच्या रेषेवरून मागच्या रेषेवर आरामात शटल जात असेल तरच २५–२६. त्या वरचं या लेखाच्या बाहेर.

ताण जास्त झालाय का हे कोर्टवर तपासता येतं. आपल्या मागच्या रेषेवर उभे राहा, जोडीदाराकडून उंच शटल घ्या आणि दहा क्लिअर मारा, अगदी जीव काढून नाही, खेळात मारता तसे. समोरच्या मागच्या रेषेच्या पाऊण मीटर अलीकडे डबल्सच्या सर्व्हिसची मागची रेषा असते. दहापैकी सहा-सात शटल तिच्या पलीकडे पडत नसतील तर पुढच्या वेळी दोन पौंड उतरवा. सगळी पलीकडे जातायत आणि दोन-तीन बाहेरच, तर एक पौंड चढवा.

स्ट्रिंग कुठली? योनेक्सची बीजी ६५ ही ०.७० मिलिमीटर जाडीची, टिकाऊ आणि बहुतेक दुकानांत मिळणारी. बीजी ६६ अल्टिमॅक्स ०.६५ मिलिमीटरची, उसळी छान, आवाज खणखणीत, पण लवकर तुटते. पहिलं वर्ष बीजी ६५ वर काढा. फटके सुधारताना रोज स्ट्रिंग बदलत बसणं परवडत नाही.

गटिंग करणाऱ्याला तोंडी "चोवीस" म्हणून निघून येऊ नका. चिठ्ठीवर लिहून द्या: स्ट्रिंगचं नाव, उभ्या स्ट्रिंगचा ताण, आडव्या स्ट्रिंगचा ताण. आडव्या सहसा एक-दोन पौंड जास्त ठेवतात, म्हणजे फ्रेमचा आकार धरून राहतो. मशीन कुठलं आहे हेही बघा. इलेक्ट्रॉनिक मशीन ताण धरून ठेवतं. हातानं फिरवायच्या कुलपाच्या मशीनमध्ये ताण एकदा ओढून तिथेच अडकतो, त्यामुळे तिथले २४ प्रत्यक्षात कमी भरतात. वाईट नाही, पण एकाच माणसाकडून, एकाच मशीनवर करून घ्या, म्हणजे तुमचे २४ दरवेळी तेच राहतील.

नवीन गटिंगचा ताण पहिल्या एक-दोन दिवसांतच दोनेक पौंड उतरतो, आणि न खेळताही हळूहळू उतरत राहतो. म्हणून गटिंगनंतर लगेच "फार कडक झालंय" म्हणून परत धावू नका, दोन संध्याकाळी द्या. शंकूवर कागदी टेप लावून तारीख आणि पौंड लिहा. मे महिन्यात बंद गाडीत रॅकेट ठेवली की ताण आणखी वेगानं जातो. माझी एकदा गोकुळ शिरगावला दिवसभर उन्हात उभ्या गाडीत राहिली, संध्याकाळी बोटानं वाजवली तर जाळीचा आवाजच बसला होता.

आणि स्ट्रिंग तुटली तर तशीच कव्हरमध्ये टाकू नका. एका बाजूचा ताण गेला की दुसरी बाजू फ्रेम ओढत राहते. कात्री घ्या, मध्यापासून बाहेरच्या दिशेनं एक उभी, एक आडवी असं करत सगळी जाळी लगेच कापून टाका.

६. शटल: कोल्हापुरात कुठला नंबर?

लहानपणी ज्याला आपण फूल म्हणायचो त्याला १६ पिसं असतात आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. पण डब्याच्या झाकणावरचा नंबर वजनाचा नव्हे, वेगाचा. काही कंपन्या ७५, ७६, ७७, ७८ लिहितात, काही १, २, ३, ४. ७५ म्हणजे १, ७६ म्हणजे २ असं ते जुळतं. नंबर चढला की शटल जास्त लांब जातं, एका नंबराला साधारण ३० सेंटिमीटर.

हवा गरम असली किंवा गाव उंचावर असलं की हवा विरळ होते आणि शटल पळतं, म्हणून खालचा नंबर लागतो. थंडीत वरचा. डब्यावरचे तापमानाचे तक्ते समुद्रसपाटी धरून केलेले असतात आणि कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तेव्हा तक्त्यात येईल त्यापेक्षा एक नंबर खालचा आधी मागवा. आमचा अनुभव असा: मार्च ते मे ७५, पावसाळा आणि दिवाळीपर्यंत ७६, डिसेंबर-जानेवारीत पहाटे खेळणाऱ्यांना ७७. पत्र्याच्या हॉलमध्ये मे महिन्यात संध्याकाळी सहाला आत भट्टीच असते, तिथे ७६ सुद्धा बाहेर जातं.

अंदाजावर चालायचं नसेल तर नियमातलीच चाचणी करा. मागच्या रेषेवर उभे राहून, रेषेच्या वर शटल धरून, खालून वरच्या दिशेनं पूर्ण जोरानं, बाजूच्या रेषांना समांतर मारा. बरोबर वेगाचं शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडे पडतं. हे अंतर मोजत बसायची गरज नाही. डबल्सची सर्व्हिसची मागची रेषा ७६० मिलिमीटरवर आहे, म्हणजे बरोबर मधोमध! शटल त्या रेषेच्या वीतभर अलीकडे-पलीकडे पडलं की नंबर जमला. पंखे बंद करा, दोन्ही बाजूंनी मारा आणि मारणारा माणूस एकच ठेवा. आमच्या हॉलला पश्चिमेला झडपा आहेत, एका बाजूनं मारलेलं शटल दुसऱ्या बाजूपेक्षा हातभर जास्त जातं.

अख्खा डबा जलद निघाला तर पिसांची टोकं थोडी बाहेरच्या बाजूला दुमडून वेग उतरवता येतो, आत दुमडली की वाढतो. मैत्रीच्या खेळात चालतं, स्पर्धेत असं करू नका.

पिसं हवामानाला फार लाजाळू असतात. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत ती मऊ राहतात आणि बरी टिकतात. जानेवारीच्या कोरड्या हवेत तीच पिसं दोन स्मॅशमध्ये काड्यांसारखी मोडतात. तेव्हा खेळायच्या आदल्या रात्री डब्याचं पिसांच्या बाजूचं झाकण उघडून दहाएक सेकंद वाफ द्यायची, झाकण लावायचं आणि डबा रात्रभर ठेवून द्यायचा. बुचाकडून वाफ द्यायची नाही, बूच भिजलं की शटल जड होतं. घरात इडलीचा कुकर लागला की मी डबा घेऊन हजर. बायको म्हणते, कोंबडी शिजवतोयस की खेळतोयस?

क्लबात नवीन मंडळी जास्त असतील तर नायलॉन परवडतं, पण त्यालाही वेग असतो आणि तो बहुतेक कुणी बघत नाही. योनेक्स मॅविस घेताना बुचाभोवतीच्या पट्टीचा रंग बघा: हिरवी म्हणजे मंद, निळी मध्यम, लाल जलद. आपल्याकडे वर्षभर हिरवीच मागा. गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी स्वस्तात निळ्या पट्टीचे सहा डबे आणले आणि आठवडाभर आमची प्रत्येक क्लिअर बाहेर जात होती. दोघांनी तर आपली जाळी सैल झाली म्हणून नवीन गटिंगही करून घेतलं.